बादलीत पाय घालून

माझ्या दहावीची एक गोष्ट आमच्या घरात वारंवार सांगितली जाते. मी पहाटे चारला उठायचे, थंड पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायचे आणि पुस्तक उघडायचे. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी मी चार वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

यंदा दिवाळीनंतर धाकट्या बहिणीची शाळा सुरू झाली, तेव्हा मला यवतमाळच्या कॉलेजला अजून सुट्टी होती. बहीण यंदा दहावीला आहे. शाळा साडेदहाची, पण गणिताचा क्लास शेजारच्या बोरी अरबला, पहाटे साडेपाचला. बाबा तिला गाडीवर सोडायचे आणि तसेच शेतात जायचे. त्या आठवड्यात तिचे तीन दिवस बुडाले. एकदा तर ती उठली, वेणी घातली आणि वेणीचं रबर हातात धरूनच भिंतीला टेकून झोपली.

"तुही ताई बादलीत पाय घालून बसे," बाबा म्हणाले, "अन् तुले गाडीवर बसाले झोप येते! रविवारपर्यंत पाहतो. नाही उठली तं क्लास बंद. मंग घरीच बस पुस्तक घेऊन."

गणितात बहीण आधीच कच्ची होती. क्लास सुटला तर तिचं गणित राहणार, हे बाबांनाही माहीत होतं आणि तिलाही.

मला वाटलं, हे मी सोडवीन. बी.एस्सी.ला आहे, घरात पहिलीच कॉलेजात गेलेली, एवढं तर जमायला हवं. मी तिचा मोबाइल काढून कपाटात ठेवला आणि साडेआठला तिला अंथरुणावर निजवलं. साडेदहाला पाहिलं तर ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

"झोप ना वं!"

"येतच नाही तं काय करू ताई? दाबून धरू का डोये?"

दुसऱ्या दिवशी तेच. मोबाइल परत घेतला की काय अशी शंका आली, उशीखाली हात घालून पाहिलं. काहीच नव्हतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी सुट्टीत करायला एक काम दिलं होतं: घरातल्या माणसांच्या झोपेची पंधरा दिवसांची नोंद. कोण कधी झोपलं, कधी उठलं, एवढंच. मी वहीत चार रकाने आखले होते. वहिनीचं दोन महिन्यांचं बाळ, बहीण, बाबा आणि आबा, म्हणजे बाबांचे वडील. मी झोपेत असताना आई लक्ष ठेवायची. वही पाहून ती म्हणाली, "माह्यं खानं कुठी हाय? मी झोपत नाही का?" मी लाजून पाचवा रकाना आखला. तो सगळ्यांत उशिरा भरायला लागला आणि सगळ्यांत तोकडा निघाला.

त्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून मी ती वही नीट पाहिली. बाळ दिवसरात्र मिळून सोळा तासांच्या आसपास झोपत होतं, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याला रात्र आणि दिवस अजून कळलेले नव्हते. बाबा नऊला झोपून चारला आपोआप जागे. आबा आठलाच पेंगायचे, मधे दोनतीनदा उठायचे आणि साडेतीनला खोकत बसायचे. बहिणीची शाळा नसलेल्या दिवाळीच्या दिवसांत मात्र रोज एकच वेळ होती. अकरा-साडेअकराला झोप, आठला जाग. न उठवता.

मॅडम वर्गात हेच सांगत होत्या आणि मी परीक्षेपुरतं लिहून घेतलं होतं. अंधार पडला की मेंदू शरीराला रात्र झाल्याचा इशारा देतो. वयात येताना तो इशारा एक-दोन तास उशिरा सुटायला लागतो. दिवसभर जागून डोळ्यांवर येणारा झोपेचा भारही या वयात हळूहळू साचतो. पण झोप कमी लागते असं नाही, आठ ते दहा तास लागतेच. पुढे विशीनंतर शरीराचं हे घड्याळ पुन्हा मागे येऊ लागतं, आणि म्हातारपणी झोप हलकी होते, पहाटे लवकर तुटते. म्हणजे आमच्या घरात साडेआठला आबांची रात्र झालेली असायची, आणि बहिणीची अजून संध्याकाळच असायची. तिला पहाटे पावणेपाचला उठवणं म्हणजे बाबांना रात्री दोनला उठवून वखरावर धाडण्यासारखं होतं.

संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन बसले. मी वही पुढे केली आणि जमेल तसं सांगितलं. मधेच अडखळले.

"पुस्तकात काहीही लिवतेत," बाबा म्हणाले. "मंग तू कशी उठे?"

बहीण कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"उठत होती बाबा," मी म्हणाले. "पण शाळेत झोपत होती. तिसऱ्या तासाले, रोज. मागच्या बाकावर, दप्तरावर डोकं ठेवून. बादलीत पाय होते, पण वाचलेलं काही आठवत नसे. आईनं जेवणाच्या सुट्टीत डबा आणला तं एकदा मी झोपेतच होती. मैत्रिणीनं सांगतलं, पोट दुखते म्हणून."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मले वाटलं खरंच दुखते. ओवा देला होता मी तुले."

मग खाटेवरून आबा हसले.

"काहून हसता?" बाबांनी विचारलं.

"तू सोळा वर्साचा होता तवा डवरा हाकता हाकता उभ्या उभ्या झोपे. वावर संपलं का बैल धुऱ्यापाशी जाऊन थांबत, अन् तू तसाच उभा. मी ढेकलं मारो तुले. आता मलेच रातभर झोप नाही."

"लागलं होतं एक," बाबा म्हणाले आणि कानामागे हात नेला. "हाय अजून खूण."

त्या क्लासला संध्याकाळचीही तुकडी होती, सहा ते साडेसात. तिच्यात गावातल्या मुली जात नव्हत्या, कारण परतताना अंधार असायचा. पहाटेही अंधारच असतो, पण तेव्हा सोडायला बाप मोकळा असतो. संध्याकाळी बाबा दमून आलेले असतात. हे मला माहीत होतं, म्हणून मी पुढे काही मागितलं नाही. बाबांनीच बराच वेळ वहीतला बहिणीचा रकाना पाहिला. त्यांना माझं अक्षर नीट लागत नाही, पण आकडे लागतात.

"आणाले मी जाईन," ते म्हणाले. मग बहिणीला, "पण मोबाइल दहानंतर सैपाकघरात. अन् सकाळी सातला उनात बसाचं, ताईच्या मॅडम म्हणतेत तसं."

"हाव बाबा."

सकाळचं ऊन घड्याळ थोडं मागे ओढतं आणि रात्रीचा मोबाइल पुढे ढकलतो, एवढं तरी माझं सांगणं त्यांनी धरून ठेवलं होतं.

सोमवारी मीही त्यांच्यासोबत गेले. साडेसातला मुलं बाहेर पडू लागली. बहीण वही छातीशी धरून, पाठीमागे वळून एका मुलीशी काही गणिताचंच बोलत आली. डोळे टक्क उघडे. क्लासच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी बाबा खांबाला टेकून बसले होते. मान छातीवर, गाडीची किल्ली मुठीत. गाढ झोपलेले.

मी त्यांना हलवायला वाकले.

"राहू दे ना ताई," बहीण हळूच म्हणाली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "त्याहिची रात झाली."

मीही त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले.