डबीतला बेडका

तपासणीला बेडका द्यायचा होता. मी दात घासले, चुळा भरल्या, वरून वेलची चघळली आणि डबीत स्वच्छ लाळ थुंकून दिली. लाळ स्वच्छ तर रिपोर्टही स्वच्छ, अशी तेव्हाची माझी अक्कल!

झालं होतं असं, की सर्दी गेली, खोकला मात्र महिना झाला तरी हलेना. त्यात लेक पहिल्या बाळंतपणाला मालवणात आमच्या घरी आलेली. खोकणाऱ्या म्हातारीच्या हातात कोण बाळ देणार? म्हणून उबळ आली की मी परसात पळायची आणि माडाच्या बुंध्याशी खोकून यायची. माड बिचारा कुणाला सांगतोय! पण घरोघरी आरोग्याची चौकशी करत फिरणाऱ्या आमच्या आशाताईने एकदा पकडलंच.

"काकी, दोन आठवडे झाले की बेडको तपासूक होयो. टीबी नाय, ह्या कळूक नको?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डबी उजेडात धरली.

"आजी, ही लाळ आहे. हिच्यात काही सापडलं नाही, तर त्यावरून काहीच कळणार नाही. सकाळी उठल्या उठल्या खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. संध्याकाळी ताप येतो? रात्री घाम? वजन उतरलं? थुंकीत रक्त, चालताना धाप, छातीत सूं सूं? ब्लडप्रेशरची गोळी? जेवल्यावर आंबट वर येतं? मी सगळ्याला नाही म्हणत गेले आणि मनात नवल करत राहिले, की एका खोकल्याला एवढी दारं!

"जास्त कधी येतो?"

"आडवी झाले की. घशात सारखं काहीतरी उतरतं. आणि घरात लेक बाळंतपणाला आलीय."

"नाकातलं पाणी मागच्या बाजूने घशात उतरत असेल. सर्दीनंतर असं होतं. कधी श्वासनळीच हळवी होऊन बसते, मग खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. पण आधी बेडका आणि एक्स-रे. तोवर बाळ झालं तरी त्याच्याजवळ जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी खराखुरा बेडका दिला. त्याच आठवड्यात नात झाली, आणि मी तोंडाला मास्क लावून दारातून तिची नुसती टाळू बघत बसले. रिपोर्ट आला. टीबी नव्हता, एक्स-रेही चांगला होता. नाकात मारायचा फवारा मिळाला आणि खोकला हळूहळू, माझ्यासारखाच कुरकुरत, गेला.

डॉक्टरीणबाईंनी होकार दिला तेव्हा मी हात धुऊन लेकीपुढे ओंजळ केली आणि लाळेची गोष्टही सांगून टाकली. तिने बाळ माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली,

"आये, ह्या तुझ्यावर गेला तर माझा काय खरा नाय गो."