‘करू’चं ‘केली’

लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. लॅबच्या शोधनिबंधांत, म्हणजे पेपरमध्ये, लेखकांच्या यादीत तिचं नाव कायम मधेच कुठेतरी असायचं. पण पेपर छापणाऱ्या जर्नलच्या परीक्षकांना उत्तरांचं पत्र पाठवायची वेळ आली की सगळे तिच्याच टेबलाशी गोळा व्हायचे. जर्नलकडून शंका आल्या की त्या एकेक करून उतरवायच्या, खाली उत्तर द्यायचं आणि पेपरमध्ये बदल कुठे केला ते पान-ओळीसकट सांगायचं. इतकं साधं काम, आणि तेवढंही या शिकलेल्या मंडळींना धड जमू नये, याची ताईला मनस्वी चीड होती.

‘आपल्या अमूल्य सूचनेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत,’ हे वाक्य दिसलं की ताई ओळखायची, इथे उत्तर नाही. परीक्षकाने दोन प्रश्न विचारावेत, यांनी सोप्याचं उत्तर द्यावं आणि अवघडाच्या तोंडाला पानं पुसावीत. असली वेळ मारून नेणारी पत्रं वाचून वाचून तिची जीभ तिखट झाली होती.

त्या दिवशी समोर होतं ते लॅबमधल्या एका विद्यार्थिनीचं पत्र. मातीच्या गाळणीत एका झाडपाल्याची भुकटी घातली की गढूळ पाणी स्वच्छ होतं, असा तिचा पेपर. तो स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध सादर करता येणार नव्हता, आणि मुदत संपत आली होती. तिचे गाईड, म्हणजे सर, यांनी पत्र वरवर चाळून हुकूम सोडला होता, “काळ एकसारखे करा. सगळं भूतकाळात.” आणि ते कुठल्याशा समितीच्या बैठकीला निघून गेले होते. समित्यांवर मिरवायला सरांना वेळच वेळ होता.

ताई वाचू लागली. “‘तक्ता तीनमध्ये आकडे दिले होते’? मग आता कुठे गेले, चोरीला? पेपरात जे आहे ते वर्तमानकाळात लिहायचं. आपण जे केलं ते भूतकाळात. एवढं सरांना कळत नाही, तर तुला तरी कळायला नको?”

मुलगी दुरुस्त करत गेली. दुसऱ्या परीक्षकाच्या चौथ्या शंकेशी ताई थांबली. त्याने विचारलं होतं: भुकटी किती घातली? आणि भुकटी न घालता, नुसत्या गाळणीची चाचणी केली का? खाली उत्तर होतं, ‘भुकटीचं प्रमाण आता स्पष्ट केलं आहे (पान सहा, ओळ बारा). नुसत्या गाळणीची चाचणी आम्ही केली.’

“दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचं पान कुठलं? आकडे कुठेत?”

मुलीचा चेहरा पडला. “मी ‘चाचणी पुढे करू’ असं लिहिलं होतं, ताई. सर म्हणाले भूतकाळ, म्हणून...”

“म्हणून ‘करू’चं ‘केली’ केलंस? हे व्याकरण नाही, बाई. याला थाप म्हणतात.”

सर परतले, तेव्हा ताईने ती ओळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात झटकले. “कोण बघायला येतंय, ताई? तिचं वर्ष वाया घालवू नका.”

“मग ‘केली नाही’ असं लिहा, नाहीतर चाचणी करा. मी या पेपरात आहे. हे असं गेलं तर संपादकांना मी स्वतः कळवीन.”

सर काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी संपादकांकडे मुदतवाढ मागितली. ती मिळाली. मुलीने नुसत्या गाळण्यांतून तेच गढूळ पाणी सोडलं, पुन्हा पुन्हा सोडलं. पाणी जवळजवळ तितकंच स्वच्छ निघालं. काम मातीच करत होती, भुकटी नुसती नावाला होती.

सरांनी आकडे पाहिले आणि लगेच मखलाशी सुचवली, “‘भुकटीचा काही अंशी उपयोग होतो’ असं लिही.” मुलीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने लिहिलं: ‘नुसत्या गाळणीची चाचणी आम्ही केली. दोन्ही गाळण्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. आकडे तक्ता चारमध्ये आहेत (पान आठ, ओळ तीन). त्यामुळे पेपरचा मूळ दावा आम्ही मागे घेत आहोत.’ मग तिने पत्र ताईपुढे सरकवलं. ताईने ते उत्तर तीनदा वाचलं. बदलण्यासारखं एक अक्षर नव्हतं, आणि या पत्रानंतर पेपर टिकणार नाही हे तिघांनाही कळत होतं. सर आपल्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. या माणसाला दार तेवढं नीट लावता येतं, असं ताईच्या मनात आलं.

मुलगी खिडकीशी उभी राहून घरी फोन करत होती.

“नाही गं आई, पदवी या वर्षी नाही... नाही, कोणी अडवलं नाही.” पलीकडून ‘मग तुझं काही चुकलं का?’ असं विचारलं असणार, हे ताईला कळलं.

“चुकलं होतं. आता नाही.”

ताईला इतकं वाईट वाटलं, की पत्र परत वाचायचं निमित्त करून ती स्क्रीनकडे तोंड वळवून बसली.