मुलाच्या की मुलांच्या

आमच्या टायपिंगच्या दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर टिंबशेठ बसतात. हे नाव मीच ठेवलं. माणूस लग्नपत्रिका असो की वकिलाची नोटीस, कुणी विसरलेला अनुस्वार दिसला की खुर्चीतून उठतो. एकदा गिऱ्हाईक जिना उतरून गेलेलं, तर हे अर्ध्या रस्त्यापर्यंत त्याच्या मागे धावले. म्हणे, "अहो, 'त्याचा' नव्हे, 'त्यांचा'! वडील आहेत ना ते तुमचे?" त्यांची बायको म्हणते, माझ्याशी बोलतानासुद्धा हा शुद्धलेखन तपासतो. खरंच तपासत असावेत.

त्यांच्याकडे घड्याळवाली आली. समोरच्या गल्लीत वडिलांच्याच बाकावर बसून ती घड्याळं दुरुस्त करते. वडिलांनी दुरुस्तीवर छोटं पुस्तक लिहिलं होतं. मांडणी करणाऱ्याने पानं तयार करून फोनवर चित्रं पाठवली, आणि छापायच्या आधीच वडील गेले. मांडणी करणाऱ्याने दुकान बंद करून कॉम्प्युटर विकला, वडिलांच्या हातचे कागदही त्याच्याकडेच हरवले. वडिलांचा फोनही त्याआधीच बिघडलेला. उरली ती भावाने पुढे पाठवलेली चित्रं. पानांत काही चुका होत्या, त्या सुधारून तिला पुस्तक छापायचं होतं.

"मग सुधारा की काका, अक्षरं दिसतायत सगळी," ती म्हणाली.

"ताई, ही अक्षरं नाहीत, अक्षरांचं चित्र आहे. यातली एक वेलांटी हलवता यायची नाही. आधी मशीनला वाचायला लावावं लागेल."

आणि मशीनने वाचलं. सुरुवातीला मशीनमध्ये भाषा हिंदी राहिली होती, म्हणून घड्याळाचं 'घडयाल' झालं. मराठी केल्यावर 'धड्याळ'. 'दुसऱ्या काट्याचा' झाला 'दुसन्या काट्याचा', आणि 'खटका' फुटून 'रवटका'. मी हसून हसून बेजार. टिंबशेठ मात्र चित्र मोठं करून, काळं-पांढरं गडद करून, एकेक ओळ पडताळत बसले. त्यांच्या नाकी नऊ आले, पण ते सगळं सुटलं, कारण 'रवटका' असा शब्दच नाही. चूक उघडी पडली की माणूस ती दुरुस्त करतो.

अडलं ते अर्पणपत्रिकेशी. मशीनने लिहिलं होतं: 'माझी कला माझ्या मुलाच्या हाती सोपवली, आता मी मोकळा.'

घड्याळवालीने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "मुलाच्या? दादा तर पेचकससुद्धा धरत नाही. बाकावर मी बसत होते त्यांच्याजवळ, लहानपणापासून. 'मुलांच्या' असेल काका. बघा ना."

घरात भावंडं दोनच. त्या एका टिंबात ही आत होती, नाहीतर बाहेर.

टिंबशेठनी डाग काढायची सोय बंद केली. मशीन कागदावरची धूळ समजून टिंबं पुसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुन्हा वाचायला लावलं, तर आता 'मुलांच्या' आलं! तिचा चेहरा फुलला. पण त्याच ओळीत 'मांझी' आणि 'मोकंळा'सुद्धा आले. धुळीचीच टिंबं झाली होती. मोठ्या मथळ्यातले अनुस्वार शाबूत होते, बारीक अक्षरांतले निम्मे गायब. त्या शब्दावर चित्र इतकं मोठं केलं की राखाडी चौकोनच उरले. चित्र या फोनवरून त्या फोनवर फिरताना दाबलं जाऊन पार गाळ झालं होतं.

तिने भावाला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याकडेही तेच आहे गं. काय फरक पडतो?"

मला राग आला. मी म्हटलं, "द्या हो टिंब! एवढी आयुष्यभर टिंबं दिलीत, कोण विचारणार आहे?"

टिंबशेठचा हात कीबोर्डवर होता. नुसतं एक बोट दाबायचं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ताई, वाटतंय मला 'मुलांच्या'च असेल. पण वाटतंय म्हणजे दिसतंय नव्हे. सांगा, देऊ?"

तिने पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. इतकी असहाय बाई मी दुकानात पाहिली नव्हती, आणि टिंबशेठ तिच्याहून असहाय.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही दिलंत तर ते तुमचं होईल. मला बाबांचं हवं होतं."

सगळं पुस्तक नव्याने टाइप झालं. फक्त ती एक ओळ टिंबशेठनी चित्रातून जशीच्या तशी कापून तिच्या जागी लावली, गाळासकट. पहिली प्रत हातात आल्यावर तिने पर्समधून दुरुस्तीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि त्या शब्दावर वाकली.

"दिसतंय काही?" टिंबशेठनी विचारलं.

"कागद दिसतोय," ती म्हणाली, आणि भिंग तसंच धरून राहिली.