फोटोतल्या डब्याची खिट्टी

लढाईच्या दिवसांत साताऱ्यात माझं तांबटकाम होतं. एका सकाळी शेजारच्या गावचे पेन्शनर सुभेदार बायकोला घेऊन दुकानात आले. मुलगा जखमी होऊन पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता. त्याचा फोटो आला होता, हातात स्टीलचा जेवणाचा डबा. ‘हा डबा दुसऱ्याचा आहे. मला अगदी असाच करून आणा,’ एवढंच पत्रात होतं. सुभेदारांनी फोटो फेट्यातून काढला. तो बाईंच्या हाती अजून दिलेला नव्हता. बोटांचे डाग पडतात म्हणे!

“पाच पुडांचा हाय, गड्या. मिल्ट्रीतला माणूस हाय मी,” सुभेदार म्हणाले.

“आवं सुभेदार,” मी म्हणालो, “वरच्याला कान कुठं हाईत? बाजूची पट्टी कानातनं जाती. कान न्हाई ते झाकण. पूड चारच.”

मग मी भिंग काढलं. आता आमची विद्वत्ता काय विचारता! ठोक्याची एक खूण नाही, म्हणजे यंत्रावर दाबलेला. प्रत्येक सांध्याखाली खालच्या पुडाचा वळवलेला काठ दिसतोय, म्हणजे वरच्याचा तळ बारीक करून खालच्याच्या तोंडात बसवलेला. वरचा टोपणासारखा बाहेरून बसला असता तर तो काठ झाकला गेला असता. तळचा पूड उंच, तो भाताचा. स्टील माझ्या बापजाद्यांनी ठोकलं नव्हतं, म्हणून पितळेवर कल्हई ठरली.

डब्याच्या मुठीखाली एक छोटी खिट्टी होती, तिच्यावर पोराचा अंगठा. “ही शोभेची,” मी निकाल दिला. “आपण दोन्ही बाजूंना आकडे लावू. दोन हातांनी दाबले की सुटतील. लय मजबूत.” सुभेदारांनी मान डोलावली आणि फोटो नमुन्याला माझ्याकडंच ठेवला. दोन शहाणे एकत्र आल्यावर काय उरतं?

आठ दिवसांनी दोघं डबा न्यायला आले. पूड एकात एक असे बसले की मीच माझ्यावर खूश झालो. बाईंनी आकडे दाबून पाहिले, एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, “जरा फोटो बघू.” नमुना पडताळायचा म्हणून मीच तो त्यांच्या हातात दिला.

बाईंनी फोटोतल्या डब्याकडे पाहिलंच नाही. फोटो दाराच्या उजेडात नेला आणि डोळ्यांजवळ धरला.

“डाव्या हातात धरलाय,” त्या म्हणाल्या. “उजवी बाही खिशात खोचलीया. आत हात न्हाई.”

आठ दिवस मी भिंगातून कान मोजले होते. लाज वाटली हो, अजून वाटते.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि डबा माझ्यापुढं सरकवला. “हे आकडे काढा. एका हातानं उघडंल अशी ती खिट्टी करा. माझ्या लेकानं तीच मागितली हुती.”

सुभेदारांनी फोटोसाठी हात पुढं केला. बाईंनी तो दिला नाही.