राधाबाईंच्या घरचं पापलेट

लालबागच्या चाळींत कोण काय खातं, याची पाहणी चालली होती. परळच्या एका संशोधन केंद्रातल्या नलूबाई तराजू घेऊन घरोघर जात आणि शिजवण्याआधी सगळं वजन करून लिहून घेत. राधाबाईंनी हौसेनं होकार दिला होता. पण घरात शिरलेली बाई म्हणजे पाहुणीच, आणि पाहुणीपुढं रिकामा टोप कसा ठेवायचा? त्यांनी शेजारच्या बकुळाकडून पापलेट आणलं, वजन करवलं आणि नलूबाई जिना उतरताच परत पोचवलं. त्या पापलेटानं समुद्रात तरी एवढ्या येरझारा घातल्या होत्या की नाही, कोण जाणे.

आठवड्याभरानं राधाबाई मान खाली घालून केंद्रात नलूबाईंकडे आल्या.

"बाई, माझं नाव काढा. लिहिलेलं पण सगळं काढा."

"काढते. एकदा सगळ्या घरांच्या बेरजेत गेलं की वेगळं करता येत नाही, पण तुमचं अजून गेलेलं नाही. कारण सांगायला नको. आणि तुमच्या मुलाला इथून मिळतं ते औषध चालूच राहील."

कुणी कारण विचारलं नाही, तिथंच राधाबाईंचा धीर सुटला.

"मासा बकुळाचा होता, बाई. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात ह्यांचे खाडे झाले. आमच्याकडं नुसती पेज शिजते."

"मग पेज मोजायला येऊ?"

"नको. ती कुणी मोजू नये."

"बरं," म्हणत नलूबाईंनी त्यांच्यासमोरच कागद फाडले. दोघीही एकमेकींकडे न बघता त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या.