क्लिपसोबत न गेलेल्या दोन ओळी

कर्जतला माझ्या दिरांचं शेती अवजारांचं दुकान आहे. दुकानाच्या यूट्यूब चॅनलचं काम माझ्याकडे. व्हिडिओत हात दिरांचे आणि आवाज माझा. खालचं वर्णनही मीच लिहिते.

गवत कापायच्या मशीनचा व्हिडिओ आम्ही भाताच्या बांधावर काढला. या मशीनमध्ये नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात टू-टी ऑइल मिसळावं लागतं. नाहीतर आतल्या पिस्टनला वंगण मिळत नाही आणि इंजिन जाम होतं. मोबाइलवर वर्णनाच्या वरच्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडून बघावं लागतं. म्हणून मी पहिल्याच दोन ओळी लिहिल्या: ‘नुसतं पेट्रोल घालून हे मशीन सुरू करू नका. आधी टू-टी ऑइल मिसळा, नाहीतर इंजिन जाम होईल.’

दिरांना ते पटेना. “वहिनी, दुकानाचं नाव आधी येऊ द्या की. हे वाचून माणूस घाबरंल.”

“घाबरला तर चालेल,” मी म्हणाले. ते हसले.

त्याखाली व्हिडिओत काय कितव्या मिनिटाला आहे, ते टाकलं. मशीनची ओळख, ऑइल मिसळणं, दोरी ओढून सुरू करणं, पट्टा अडकवणं, पातं बदलणं. पहिल्यांदा मी ओळखीपुढे ०:१२ लिहिलं होतं. व्हिडिओचे भाग पडेचनात. यादी ०:०० पासूनच सुरू व्हावी लागते, हे शोधायला माझी अख्खी दुपार गेली. शेवटी मशीनच्या माहितीपुस्तिकेची लिंक दिली, दाबून उघडते का तेही पाहिलं. त्या वर्णनावर मी खूश होते.

पावसाळ्याच्या मध्यावर कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतून एक बाई जीपने मशीन घेऊन दुकानात आल्या. त्यांच्या बचत गटाने ते कडावच्या एकाकडून जुनं घेतलं होतं. दिरांनी दोरी ओढली. ती हललीच नाही.

“पेट्रोलात ऑइल घातलं होतं का?” मी विचारलं.

“कसलं ऑइल?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, हा आवाज तुमचाच ना? मोबाईलमंदी तुमीच बोलताय.”

त्यांनी फोन काढून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप लावली. आमचाच व्हिडिओ होता, पण दोरी ओढण्यापासून. मशीन विकणाऱ्याने पूर्ण फाइल जड होते म्हणून सुरुवातीचा भाग कापून पाठवला होता. माझा आवाज सांगत होता, ‘आता दोरी ओढा. घाबरू नका.’

मी माझ्या फोनवर यूट्यूब उघडलं आणि त्या दोन ओळी त्यांना वाचून दाखवल्या.

“हे आमच्याकडं आलंच नाय, ताई.”

खरंच आलं नव्हतं. क्लिप फोनमधून फोनमध्ये गेली आणि वर्णन यूट्यूबवरच राहिलं. दिरांनी इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. ते म्हणाले, “पार्ट मागवावा लागंल. कधी येईल सांगता येत नाय.”

“तवर गवत थांबणार हाय का,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी मशीन दुकानात ठेवलं आणि जीप पकडायला गेल्या.

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. म्हणून आम्ही नवा व्हिडिओ केला. ऑइलची सूचना सगळ्या व्हिडिओभर पडद्यावर ठेवली आणि जुन्याच्या वर्णनात पहिल्याच ओळीला नव्याची लिंक दिली. हातात होतं तेवढं केलं. पार्ट आला तोवर भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. वाडीतल्या बायकांनी बांधावरचं गवत विळ्यानेच कापलं होतं.

मशीन न्यायला बाई आल्या, त्याच दिवशी खालापूरकडचा एक शेतकरी पातं घ्यायला आला. त्यांच्या गावच्या ग्रुपवर मशीनचा चांगला व्हिडिओ आलाय, म्हणाला. मी बघायला मागितला. तीच क्लिप होती, दोरी ओढण्यापासून.

“कुणी टाकली?”

“काय माहीत. फिरत आली.”

मी सूचना लिहून त्याला पाठवली आणि ग्रुपवर टाकायला सांगितली. त्याने लगेच टाकली. दोघांनी अंगठे दाखवले. मग कुणीतरी विकायच्या म्हशीचे फोटो टाकले, एकामागून एक, आणि माझी सूचना त्याच्या पडद्यावरून वर सरकून दिसेनाशी झाली.

बाई माझ्या शेजारी उभ्या राहून ते बघत होत्या. “त्या लोकांना फोन करून सांगा की,” त्या म्हणाल्या.

ती क्लिप कुणाकुणाच्या फोनवर गेली होती, ते मलाही माहीत नव्हतं.