चौथ्या परिच्छेदातली परवानगी

इंग्रजीत एम.ए. केलेल्या बाईला फाउंड्रीत काय काम, असं घरचे विचारायचे. काम एकच होतं, पत्रं लिहिणं. गोकुळ शिरगावच्या त्या कारखान्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून पंपाचे भाग बनायचे आणि मालकांना इंग्रजी बोलायचा मनस्वी कंटाळा होता. २००० नंतर ऑफिसात इंटरनेट आलं आणि पत्रांच्या मेल झाल्या. मी मात्र पत्रंच लिहीत राहिले. आधी विचारपूस, मग आभार, मग हालहवाल, आणि मग हळूच, समोरच्याला टोचणार नाही अशा बेताने, आपलं मागणं. मला ते सभ्यपणाचं वाटायचं. आता रोज दुसऱ्यांच्या तसल्या मेल वाचून डोळे शिणतात, तेव्हा त्या सभ्यपणाचा वीट येतो.

आमच्याकडे एक पॅटर्न मिस्त्री होते. ओतायच्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना ते बनवायचे, आणि त्याच्यावरून वाळूत साचा पडायचा. हुपरीचे. सगळं गाव चांदीच्या दागिन्यांत गुंतलेलं आणि हे एकटे सागवानात. एसटीने यायचे, डबा खायचे, कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून ते तिथे होते.

पुण्याच्या एका कंपनीच्या पंपाची बॉडी आम्ही पहिल्यांदाच ओतत होतो. पहिल्या दहा नगांतले चार एकाच कोपऱ्यात तडकले. एका बाजूला जाड धातू, दुसऱ्या बाजूला पातळ, आणि मधला कोपरा अगदी धारदार. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी थंड होतात आणि कोपरा फाटतो. ड्रॉइंगमध्ये त्या कोपऱ्याची गोलाई तीन मिलिमीटर होती. मिस्त्री तडकलेला नग घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“ताई, गोलाई आठ केल्याबिगर हे ऱ्हात न्हाय. पर ड्रॉइंग त्यांचं हाय. त्यांना इचारा. त्यांनी व्हय म्हटल्याबिगर मी लाकडाला हात लावनार न्हाय.”

मी लगेच मेल लिहिली. पहिल्या परिच्छेदात त्यांचे इंजिनिअर कोल्हापूरला येऊन गेले त्याबद्दल आभार. दुसऱ्यात लोडशेडिंगने भट्टीचे कसे हाल झाले ते. तिसऱ्यात धातूच्या तपासणीचे रिपोर्ट जोडल्याचं. चौथ्यात, वाळूच्या दर्जाबद्दल दोन वाक्यं झाल्यावर, आमच्या पॅटर्न विभागाला असं वाटतं की कोपऱ्याची गोलाई थोडी वाढवणं हिताचं ठरू शकेल, तरी आपण यावर सवडीने विचार करावा. पाचव्यात दसऱ्याच्या शुभेच्छा. विषयाच्या ओळीत लिहिलं, ‘पंप बॉडीबाबत’. तीन की आठ, ते आकडेसुद्धा मी घातले नव्हते. आकड्यांनी भाषा रुक्ष होते असं मला वाटायचं. लिहून झाल्यावर मी ती मेल परत एकदा वाचली आणि स्वतःवर खूश झाले, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आभार, रिपोर्ट मिळाले, पुढच्या आठवड्यात नमुने पाठवा. बस्स.

आमच्या ऑफिसात एक रीत होती. पार्टीने नको म्हटलं नाही की हो धरायचं. फोनवर सगळे व्यवहार तसेच चालायचे. मी पॅटर्न शॉपमध्ये गेले.

“विचारलं त्यांना. नको म्हणालेले नाहीत.”

“म्हंजे व्हय म्हनल्यात न्हवं?”

“हो,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी कोपऱ्यात पुट्टी भरली, गोलाई आठ केली. नवे दहाच्या दहा नग अखंड निघाले. एकालाही तडा नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुण्याहून सगळे नग परत आले, सोबत मेल. कोपरा ड्रॉइंगप्रमाणे नाही. बदल कुणी केला, कुणाला विचारून केला?

मालकांनी मिस्त्रींना ऑफिसात बोलावलं. मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले, “ताईंनी परवानगी आनली की.” मी म्हणाले, “मी मेलमध्ये विचारलं होतं.” खोटं नव्हतं ते. पण त्या वाक्याआड मी लपले, हे मला तेव्हाही कळत होतं. मालकांनी मेलचा कागद मागवला, वरून खाली वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांना काही सापडेना. शेवटी मी उठून चौथ्या परिच्छेदात बोट ठेवलं.

“हितं? म्याडम, हे माझ्या बापाला दिसंल काय? आणि ह्याचं उत्तर कुठं हाय?”

पुण्याच्या उत्तरात गोलाईचं नावही नव्हतं. मालकांचा राग मग जवळच्या माणसावर गेला. “कागद बघितल्याबिगर लाकडाला हात लावलासा कसा तुम्ही?”

“मला इंग्रजी वाचता येतंय व्हय?” मिस्त्री एवढंच बोलले. संध्याकाळी आपली हत्यारं पिशवीत भरली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत.

तिसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, चूक माझी आहे, त्यांना हो म्हणून मीच सांगितलं. त्यांनी परत आलेला एक नग माझ्या टेबलावर आणून ठेवला. मग म्हणाले, “आता तरी नीट इचारा.”

विषयाच्या ओळीतच लिहिलं: ‘गुरुवारपर्यंत तुमची परवानगी हवी: पंप बॉडी, कोपऱ्याची गोलाई ३ ऐवजी ८ मिमी’. खाली पहिलीच ओळ: कृपया हो किंवा नाही कळवा. मग कारण, दोन ओळींत: तीनला दहापैकी चार तडकले, आठला एकही नाही. कोपऱ्याभोवती गोल काढलेलं ड्रॉइंग जोडलं. बाकीचं सगळं त्याच्या खाली, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. आभार नाहीत, हवापाणी नाही. पाठवताना मला उद्धट वाटत होतं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. हो, मंजूर, सुधारित ड्रॉइंग पाठवतो. हे आधीच का नाही विचारलंत?

तो कागद छापून घेतला, खाली मराठीत अर्थ लिहिला आणि दुपारच्या एसटीने हुपरीला गेले. मिस्त्री दारात बसून कुणाच्या तरी पाटाला रंधा मारत होते. बायकोने पाणी आणलं. त्यांनी चष्मा लावून माझं मराठी सावकाश वाचलं.

“किती दिस लागलं उत्तराला?”

“अर्धा तास.”

रंधा त्यांनी खाली ठेवला. मी घाईघाईने सांगू लागले, पहिल्या मेलमध्ये एकदम मागणं बरं दिसलं नसतं, म्हणून आधी जरा चार शब्द...

“आमची आय अडानी,” ते म्हणाले. “पत्र दुसऱ्याकडनं लिवून घ्यायची. नमस्कार झाला की म्हनायची, आता लिव, पत्रास कारण की. मंग कामाचं सांगायची.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. “तुमच्या इंग्रजीत तसलं काय नसतंय व्हय, ताई?”

मालक स्वतः दोनदा हुपरीला जाऊन आले. मिस्त्री परत आले नाहीत. पुढच्या महिन्यात सुधारित ड्रॉइंग आलं, कोपऱ्याची गोलाई आठ, आणि बदल सुचवणाऱ्याच्या रकान्यात पुण्याच्या इंजिनिअरचं नाव होतं.